तिचं ठाणे, त्याचं नाशिक: लग्नानंतर कुठे राहायचं हे ठरवायची पायरी-पायरीची पद्धत

मी ठाण्यात एका वधू-वर सूचक मंडळाचं काम बघते. बायोडेटात 'अपेक्षा' म्हणून जो रकाना असतो ना, त्यात हल्ली मुली सर्रास लिहितात 'मुंबई-ठाणे-नवी मुंबई-पुणे सेटल्ड' आणि मुलाकडचे लिहितात 'नोकरी करणारी चालेल, नाशिकला राहण्याची तयारी हवी'. मग दोघं एकमेकांना आवडतात, पत्रिका जुळते, आणि गाव कुठलं हा विषय 'बघू नंतर' म्हणून ढकलला जातो, तो थेट हॉल बुक झाल्यावर निघतो. तेव्हा तो मानापमानाचा झालेला असतो.

चूक बहुतेक वेळा क्रमाची असते. लोक आधी कोणाचं गाव ते ठरवतात आणि मग नोकऱ्या, आईवडील, घर हे सगळं त्यात कोंबायला बघतात. क्रम उलटा करा: आधी काय हलू शकत नाही ते शोधा, मग हिशोब, मग घरच्यांशी बोलणं, मग भाड्याचं घर, आणि विकत घर सगळ्यात शेवटी.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत घेते. मुलगी ठाण्याची, पाचपाखाडीत आईवडील, एकुलती एक, ऐरोलीच्या आयटी कंपनीत, आठवड्याला तीन दिवस ऑफिस. वडिलांची अँजिओप्लास्टी झालेली. मुलगा नाशिकचा, सातपूर एमआयडीसीत क्वालिटी इंजिनिअर, रोज कारखान्यात हजर राहावं लागतं. गंगापूर रोडला स्वतःचं घर, आईवडील ठणठणीत, मोठा भाऊ-वहिनी त्याच घरात. आकडे मी हिशोबाला सोपे घेतलेत, तुम्ही तुमचे टाका.

तयारी: बोलायच्या आधी दोघांनी वेगवेगळं लिहा

साखरपुड्याच्या आधी, आणि शक्यतो हॉलचा ॲडव्हान्स देण्याआधी, दोघांनी आपापल्या घरी बसून एकेक कागद करायचा. एकत्र बसून करू नका, एकत्र बसलं की पहिलं बोलणाऱ्याच्या मागे दुसरा जातो आणि खरं मनातलं दोन वर्षांनी भांडणात बाहेर पडतं. कागदावर तीन गोष्टी पुरेत: पुढच्या तीन वर्षांत माझं काय हलूच शकत नाही, काय हललं तर चालेल पण किंमत आहे, आणि काय मी नुसतं सवयीमुळे धरून बसलोय.

तीन वर्षं का, तर 'कायमचं कुठं राहणार' हा प्रश्न पंचवीस-सव्वीसच्या वयात कुणालाच सुटत नाही आणि घरचे नेमका तोच विचारतात. तीन वर्षांचं मात्र बऱ्यापैकी दिसतं. तेवढ्यात बहुतेकांची एखादी नोकरी बदलते, मूल व्हायचं असेल तर तेही साधारण याच काळात, आणि आईवडिलांच्या तब्येतीचा अंदाज येतो.

आमच्या जोडीच्या कागदावर असं आलं. तिचं न हलणारं: वडिलांचे हार्टचे डॉक्टर ठाण्यात, रात्री धावायला दुसरं कोणी नाही. त्याचं न हलणारं: खरं म्हणजे काहीच नाही, पण 'नाशिक सोडलं तर आईला वाईट वाटेल' हे त्याने पहिल्या रकान्यात लिहिलं होतं. ते दुसऱ्या रकान्यातलं आहे. वाईट वाटणं ही किंमत आहे, ती मोजायची, टाळायची नाही, पण तिला अडथळा म्हणून लिहू नका.

⚠️ 'आमची नोकरीला काही हरकत नाही' हे वाक्य कोणी बोललं की लगेच खूश होऊ नका. हरकत नाही म्हणजे नाशिकला मिळाली तर कर, असाही अर्थ असतो. पुढचा प्रश्न तिथल्या तिथे विचारा: सध्याची ऐरोलीची नोकरी चालू राहणार का, आणि राहणार असेल तर मुलगी राहणार कुठे?

पायरी 1: नोकरी हलते की नाही हे लेखी तपासा

इथे सगळ्यात जास्त लोक गंडतात. 'माझं हायब्रिड आहे, मॅनेजर चालवून घेतो' यावर नाशिकला संसार मांडायचा नसतो. मॅनेजर बदलतो, पॉलिसी बदलते, सोमवारी मेल येतो की पुढच्या महिन्यापासून पाच दिवस ऑफिस, आणि मग नवीन लग्न झालेली मुलगी पुन्हा पाचपाखाडीला आईकडे राहायला येते आणि शेजारी विचारतात सगळं ठीक आहे ना.

तर तिने तीन गोष्टी बघायच्या. ऑफर लेटरमध्ये कामाचं ठिकाण काय लिहिलंय. पूर्ण घरून काम किंवा दुसऱ्या शहरात बदली देण्याची कंपनीत लेखी पॉलिसी आहे का, आणि ती मिळाल्यावर पगार तोच राहतो का. आणि तिच्याच टीममध्ये तिच्या लेव्हलचं कोणी प्रत्यक्षात बाहेरगावून काम करतंय का. तिसरी गोष्ट सगळ्यात खरी. एचआरला विचारताना 'लग्न ठरलंय' हे सांगायची गरज नाही, 'बदलीची पॉलिसी काय आहे' एवढा साधा मेल टाका आणि उत्तर जपून ठेवा.

त्याने बघायचं वेगळं. कारखान्यातल्या माणसाला घरून काम नाही, त्यामुळे त्याच्यासाठी प्रश्न असा की हेच काम ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात मिळतं का. वागळे इस्टेटमध्ये पूर्वीसारखे कारखाने उरले नाहीत, बऱ्याच ठिकाणी आता ऑफिसं आणि टॉवर दिसतात. पण रबाळे-महापे-तुर्भेचा टीटीसी पट्टा आणि तळोजा एमआयडीसी आहे. त्याने लग्न ठरायच्या आधीच दोन-चार ठिकाणी अर्ज टाकून बघायचा, नोकरी बदलायला म्हणून नाही, बाजारभाव कळायला. इंटरव्ह्यूचा कॉल येतोय का आणि किती पगार सांगतायत एवढं कळलं तरी चर्चेतली अर्धी हवा निघून जाते.

सरकारी नोकरी असेल तर हिशोब पूर्ण वेगळा. झेडपी शिक्षकांना पती-पत्नी एकत्रीकरणाखाली बदली मागता येते, पण आंतरजिल्हा बदली जागा आणि प्रक्रियेच्या भरवशावर, तुमच्या मुहूर्तावर नाही. 'लग्नानंतर बदली करून घेऊ' असं कोणी म्हणालं तर त्याच संवर्गातल्या दोघा-तिघांना किती वर्षं लागली ते विचारून या.

✔ तपासणी: तुमच्याकडे एचआरचा मेल आहे का? मुलगा ठाणे-नवी मुंबईतले पगार सांगू शकतो का? दोन्ही 'हो' नसेल तर पायरी 3 चा हिशोब करू नका, तो अंदाजपंचे होईल.

पायरी 2: आईवडिलांची गरज वयावर मोजू नका

'माझे आईवडील म्हातारे होतायत' हे दोन्हीकडून येतं आणि दोन्हीकडून खरं असतं, म्हणून त्याने काही ठरत नाही. प्रश्न असा विचारा: रात्री दोन वाजता फोन आला तर अर्ध्या तासात दाराशी कोण पोचतं? नाशिकला भाऊ-वहिनी त्याच घरात आहेत. ठाण्यात कोणी नाही. इथे पारडं जड कुठलं हे स्पष्ट आहे, आणि हे बोलताना कोणाचं प्रेम कमी-जास्त असल्याचा विषय येतच नाही.

पण एक बाजू लोक विसरतात. भाऊ-वहिनीवर सगळं टाकून मोकळं व्हायचं नाही. वहिनी आधीच सगळं करतेय आणि धाकटी जाऊ ठाण्याला राहणार म्हटल्यावर तिच्या मनात काय येतं हे विचारायला कोणी जात नाही, मग पहिल्या दिवाळीला टोमणे सुरू. म्हणून मोठ्या भावाशी आणि वहिनीशी वेगळं बोला, आणि बदल्यात काय करणार ते ठोस सांगा: आईवडिलांच्या औषधांचा खर्च आमच्याकडे, वर्षातून दोनदा त्यांची तपासणी आम्ही करून आणणार, आणि तुम्ही दोघं बाहेर जाल तेव्हा आम्ही येऊन राहणार.

विम्याचा मुद्दा इथेच बघून घ्या. तिच्या वडिलांचं मेडिक्लेम तिच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत असेल आणि ती नाशिकसाठी नोकरी सोडणार असेल, तर ते कव्हर नोकरीसोबत जातं. हार्टचा इतिहास असलेल्या माणसाला नवीन पॉलिसी घेतली तर आधीच्या आजारासाठी 3 वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का हे राजीनामा देण्याआधी विचारायचं, नंतर नाही. मुलीला नोकरी सोडायला सांगणाऱ्या घरात हा खर्च कोणी धरलेलाच नसतो.

पायरी 3: हातात उरतं किती, याचा हिशोब

'मुंबईत पगार जास्त' आणि 'नाशिकला भाडं नाही' ही दोन वाक्यं एकमेकांवर फेकत बसतात लोक. त्यापेक्षा दोन्ही शहरांचं महिन्याचं एक पान करा. तिला हातात 70 हजार येतात. तो तळोज्याला आला तर 58 मिळतील असं त्याला कळलंय, नाशिकला सध्या 52 आहेत. ती नाशिकला गेली तर सध्याची नोकरी सुटते आणि घरून करायची जी मिळतेय तिचे 45.

ठाणे-नवी मुंबईत: 70 आणि 58, म्हणजे 1 लाख 28 हजार. वजा भाडं 25, लोकल-रिक्षा वगैरे 4, महिन्यातून दोनदा नाशिक 5, वेगळं बिऱ्हाड म्हणून किराणा-गॅस-बाई-लाइटचे 10. उरले 84 हजार.

नाशिकला: 52 आणि 45, म्हणजे 97 हजार. घरखर्चात 10 द्यायचे, दोनदा ठाणे 5. उरले 82 हजार.

बघा, महिन्याला फरक फक्त दोन हजारांचा. म्हणजे पैशावर हे ठरत नाही आणि 'पैशासाठी आईला सोडून गेला' हेही खरं नाही, 'नाशिकला राहून उपाशी मरायचं का' हेही नाही. दोन्ही डायलॉग बाद.

मग ठरवायचं कशावर? तर परत मिळण्यावर. जी नोकरी सोडली तर परत मिळवणं अवघड, ती आधी वाचवायची. तो तळोज्याला दोन वर्षं काढून सातपूरला किंवा अंबडला परत जाऊ शकतो, क्वालिटीचं काम तिथेही आहे, उलट अनुभव वाढलेला असेल. ती मात्र 70 वरून 45 वर गेली तर पुढची प्रत्येक कंपनी तिची बोली 45 वरून सुरू करते. तीन वर्षांनी 70 ला परत यायलाच तिची सगळी ताकद जाईल. आमच्या उदाहरणात म्हणून ठाण्याकडचं पारडं जड आहे, मुलगी ठाण्याची आहे म्हणून नाही. हेच उलटं असतं, म्हणजे त्याचा नाशिकला स्वतःचा चालता धंदा असता, वीस गिऱ्हाइकं बांधलेली असती, तर मी नाशिक म्हटलं असतं, कारण धंदा उचलून नेता येत नाही.

⚠️ 'मध्यावर राहू' हा मोह टाळा. ठाणे-नाशिकवाले कल्याणला घर बघतात, ठाणे-पुणेवाले पनवेलला. नकाशावर न्याय वाटतो. पण कल्याणहून ऐरोलीला जायचं तर ठाण्याला उतरा, तिथून ट्रान्सहार्बर पकडा, आणि नाशिकची रोजची नोकरी तर कल्याणहूनही होत नाही. दोघांचाही प्रवास वाढतो, दोन्हीकडचे आईवडील लांबच राहतात. कोणीच जिंकलं नाही एवढंच समाधान. मध्य तेव्हाच घ्या जेव्हा दोन्ही ऑफिसं रोज खरंच तिथून जमतात.

आणि 'पंचवटीने अपडाउन करतात की लोक' असं नाशिककडचे एक काका हमखास म्हणतात. करतात, खरंय, पासवाले वर्षानुवर्षं करतायत. पण नाशिकरोड ते ठाणे रेल्वेने दीडशे किलोमीटर, गाडीतच तीन तासांच्या आसपास, वर गंगापूर रोडहून नाशिकरोड स्टेशन गाठायचं, म्हणजे दाराशी दार एका बाजूला चार-साडेचार तास. पावसाळ्यात कसाऱ्याला काही झालं की संपलं. समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये इगतपुरी ते आमणे पूर्ण झाल्यापासून गाडीने घाट सोपा झालाय, पण तो वीकेंडसाठी धरा, आठवड्यातून तीनदा ऑफिससाठी नको.

पायरी 4: घरच्यांना सांगायचा क्रम

आधी दोघांचं एकमत, मग ज्याच्या घराला धक्का बसणार आहे त्या घरात, त्याच घरच्या मुलाने किंवा मुलीने, एकट्याने सांगायचं. म्हणजे इथे त्याने, नाशिकला, स्वतःच्या आईवडिलांना. ती सोबत नको. ती सोबत असली की पहिल्या वाक्याला 'हिने सांगितलं वाटतं' असं होतं आणि ते वाक्य मग दहा वर्षं निघतं.

सांगताना 'आम्ही ठरवलंय' असं तोडून नको आणि 'तुम्ही सांगाल तसं' असं खोटंही नको. असं काहीसं: "आई, पुढची तीन वर्षं आम्ही नवी मुंबईत राहणार. तिच्या बाबांना बघायला तिकडे कोणी नाही, इथे दादा आहे. मला तळोज्याला नोकरी मिळाली तरच, नाही मिळाली तर काय करायचं तेही ठरलंय." आई विचारणारच की म्हणजे तू घरजावई होणार का. उत्तर तयार ठेवा: सासरी राहणार नाही, वेगळं भाड्याचं घर घेणार, आणि भाडं आम्ही दोघं भरणार. हे नुसतं बोलायला नाही, खरंच तसं करा. तिच्या आईवडिलांच्या वरच्या मजल्यावरचा रिकामा फ्लॅट कितीही सोयीचा असला तरी पहिल्या वर्षी तो घेऊ नका. नाशिककडून येणाऱ्या प्रत्येक फोनमध्ये तो फ्लॅट येईल.

दोन्हीकडच्या मोठ्यांची एकत्र बैठक यानंतर. बैठकीत फक्त सांगायचं असतं, ठरवायचं नसतं. पंधरा माणसं चहा-पोहे खात एखाद्या मुलीची नोकरी ठरवतायत हे चित्र मी फार वेळा बघितलंय, त्यात कधीच धड काही निघत नाही.

✔ तपासणी: दोघांनी आपापल्या आईला सांगितलेलं वाक्य एकमेकांना वाचून दाखवा. एकाने 'तीन वर्षं' आणि दुसऱ्याने 'सध्यापुरतं' सांगितलं असेल तर आत्ताच दुरुस्त करा.

पायरी 5: तारीख आणि दुसरा मार्ग

निर्णय तारखेशिवाय सोडला की तो एकाच्याच गळ्यात पडतो, आणि बहुतेक वेळा मुलीच्या. आमच्या जोडीने असं लिहिलं: लग्न डिसेंबरात. लग्नाआधी त्याला नोकरी लागली तर उत्तम, त्याचा नोटीस पिरियड 60 दिवसांचा, म्हणजे ऑफर ऑक्टोबरच्या सुरुवातीला हातात हवी. नाही लागली तर तो नाशिकला, ती ठाण्यात, शनिवार-रविवार एकत्र, पण जास्तीत जास्त पुढच्या जूनपर्यंत. जूनपर्यंतही नाही झालं तर ती कंपनीकडे पूर्ण घरून कामाची लेखी मागणी करणार, आणि तीही नाकारली तर नाशिकची 45 हजारांची नोकरी. बरोबर वाचलंत, दुसरा मार्ग नाशिकचा आहे. पहिल्या मार्गात एकाला झुकतं माप मिळालं तर दुसऱ्यात समोरच्याला मिळायला हवं, नाहीतर तो मुलगा मनापासून नोकरी शोधणार नाही, आणि शोधली तरी त्याच्या घरच्यांना पटणार नाही.

⚠️ मूल आणि नोकरी बदलणं एकाच वेळी येऊ देऊ नका, आणि आलं तर तारखा मोजा. मॅटर्निटी लीव्हचे 26 आठवडे भरपगारी मिळायला त्या कंपनीत अपेक्षित डिलिव्हरीच्या तारखेआधीच्या 12 महिन्यांत किमान 80 दिवस काम झालेलं असावं लागतं. जुन्या कंपनीतले दिवस नवीन कंपनीत धरत नाहीत. शहर बदलायच्या गडबडीत नवीन नोकरी धरली आणि दिवस भरले नाहीत तर सहा महिन्यांचा पगार जातो. इथे तीच ऐरोलीला टिकून राहतेय म्हणून हा धोका तिला नाही, पण दुसरा मार्ग वापरायची वेळ आली तर ही गोष्ट डोक्यात ठेवा.

पायरी 6: भाड्याचं घर, स्टेशन बघून

शहर ठरलं म्हणजे घर ठरलं असं नाही. 'ठाणे' म्हणजे घोडबंदर रोडचं टोकही असतं आणि तिथून ऐरोलीला रोज जाणं म्हणजे नाशिकची आठवण यावी. आमच्या जोडीचं गणित असं: ती ऐरोलीला तीन दिवस, तो तळोज्याला रोज, तिचे आईवडील ठाणे स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर. ठाणे आणि ऐरोलीला जोडणारी ट्रान्सहार्बर लाइन. घणसोली घेतलं तर ती मध्ये रबाळे सोडून दुसऱ्या स्टेशनला ऐरोली, ठाण्याला वीसेक मिनिटं, आणि त्याला तळोज्याकडे कंपनीची बस. बस कुठून निघते हे ऑफर घ्यायच्या आधी विचारायचं. बस घणसोली-कोपरखैरणेला थांबत नसेल आणि नेरूळ किंवा खारघरलाच थांबत असेल तर घर थोडं तिकडे सरकवा, पण खारघरच्या पुढे जाऊ नका, नाहीतर वडिलांसाठी ठाण्याला पोचायचा वेळ वाढतो आणि पायरी 2 मधलं कारणच बाद होतं.

घर पक्कं करण्याआधी दोघांनी एकदा मंगळवार-बुधवारी, ऑफिसच्या खऱ्या वेळेला प्रवास करून बघा. रविवारी दुपारी एजंटसोबत बाइकवर बघितलेलं अंतर खरं नसतं. ठाण्याच्या नऊ-दहा नंबरवर संध्याकाळी साडेसहाला उभं राहून बघा, मग ठरवा.

कागदपत्रात चार गोष्टी. लिव्ह अँड लायसन्स करार महाराष्ट्रात नोंदणी केलेलाच हवा, नुसता स्टँप पेपरवर नको. करारात दोघांची नावं टाका, कारण नवीन लग्न झालेल्या मुलीकडे नवीन पत्त्याचा हाच एक पुरावा असतो आणि तो नसला की आधार, बँक, गॅस सगळीकडे अडतं. साधारण 11 महिन्यांचा करार असतो, त्यातला लॉक-इन सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवू नका, दुसरा मार्ग वापरायची वेळ आली तर डिपॉझिट अडकायला नको. आणि एक महिन्याचं भाडं ब्रोकरेज जातं हे पायरी 3 च्या पानात वरून धरा.

सासरचे राहायला येतात तेव्हा त्यांना झोपायला जागा आहे का, हेही बघा. वन बीएचके घेतला आणि सासू-सासरे आल्यावर तिला आईकडे जावं लागलं तर 'सून राहतच नाही' हे सुरू होतं. जागा छोटी असली तरी हॉलमध्ये नीट दिवाण ठेवा.

पायरी 7: पहिल्या वर्षाचे सण आधीच वाटून घ्या

पहिल्या वर्षी मंगळागौर, गौरी-गणपती, दिवाळसण, संक्रांतीचं हळदीकुंकू असं सगळं येतं, आणि प्रत्येक सणाला दोन्हीकडून 'पहिलंच वर्ष आहे' म्हणतात. ऑफिसच्या सुट्ट्यांच्या यादीशेजारी हे लिहा आणि जानेवारीतच सांगून टाका. आमच्या जोडीत गौरी-गणपती पूर्ण नाशिकला, कारण गौरी त्यांच्याकडे बसतात आणि ती तिची पहिली, दिवाळसण ठाण्याला, कारण तो माहेरचाच असतो. मंगळागौर ठाण्यात केली, नाशिकच्या सगळ्या बायकांना बोलावून. हे लहान वाटतं पण नाशिक सोडलं याचा राग निघायची जागा नेमकी हीच असते. गणपतीच्या गाड्यांची तिकिटं बुकिंग उघडताच काढा.

पायरी 8: विकत घर शेवटी

लग्नाआधी दोन्हीकडचे वडील मिळून 'डाउन पेमेंट आम्ही देतो, ठाण्यात बुक करून टाका' म्हणतात तेव्हा हो म्हणू नका, निदान वर्षभर. 70 लाखांचा फ्लॅट घेतला तर ठाणे-नवी मुंबईत 7 टक्के धरून 4 लाख 90 हजार स्टँप ड्युटी आणि 30 हजार नोंदणी, म्हणजे 5 लाख 20 हजार पहिल्याच दिवशी गेले, ते फ्लॅट विकताना परत येत नाहीत. शहर बदलावं लागलं तर एवढं नुकसान डोक्यात धरूनच घ्या. 24 महिन्यांच्या आत विकलं तर नफ्यावर अल्पकालीन म्हणून कर लागतो तो वेगळा. नवी मुंबईत सिडकोच्या लीजवरच्या जागेतला फ्लॅट असेल तर ट्रान्स्फरचा खर्च आणि परवानगी कोणाकडे ते आधी विचारा.

घ्यायचाच ठरला तर हप्ता एकाच्या पगारात बसेल एवढाच, कारण या तीन वर्षांत कुठल्यातरी सहा महिन्यांत एकच पगार असणार आहे. करारात नावं दोघांची. आणि डाउन पेमेंटमध्ये नाशिकच्या घराचा हिस्सा विकून पैसे येणार असतील तर मोठ्या भावाची लेखी संमती आधी घ्या, फ्लॅटचं टोकन त्यानंतर द्या.